थापटणं कुणाच्या हातात?

उन्हाळा तोंडावर आला की आमच्या आठवडी बाजारात रस्त्याच्या कडेला माठांची रांग लागते. माझी आई माठ घ्यायला जायची तेव्हा रंगाकडे आणि घाटाकडे नंतर बघायची. आधी डाव्या तळव्यावर माठ तोलून धरायची आणि उजव्या हाताच्या बोटाचं पेर वाकवून त्याला दोन-तीन ठिकाणी ठोकायची. खणखणीत आवाज आला तर माठ बाजूला ठेवायला सांगायची, बद्द आवाज आला की मुकाट्याने परत रांगेत ठेवायची. दिसायला दोन्ही माठ सारखेच लाल आणि सारखेच गोल. पण एखादा माठ आव्यात कडेला राहिलेला असतो, त्याला पुरती आच लागलेली नसते. पाचशे-सहाशे अंशांपुढे मातीच्या कणांत धरून ठेवलेलं पाणीसुद्धा निघून जातं आणि मग ती माती पुन्हा कधी चिखल होत नाही. तेवढी आच लागली नाही तर माठ माठासारखा दिसतो खरा, पण चार दिवस पाणी भरून ठेवलं की त्याचा बूड मऊ पडू लागतो. ते डोळ्यांना कळत नाही, कानाला कळतं. आणि माठाला स्वतःला तर कधीच कळत नाही.

गोरोबाकाकांची कथा मला आठवते ती नेहमी या आवाजासकट. तेरला गोरा कुंभाराच्या घरी संतमंडळी जमली आहेत. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ताबाई आहेत, पंढरपूरचे नामदेव आहेत. मुक्ताबाईचं लक्ष कोपऱ्यात पडलेल्या थापटण्याकडे जातं. हे काय, असं ती विचारते. गोरोबा सांगतात की याने मडकं कच्चं की पक्कं ते कळतं. मग ही इथे बसलेली मडकी तपासून सांगा की, असं ती म्हणते. गोरोबा उठतात आणि एकेकाच्या डोक्यावर थापटणं हाणत जातात. सगळे गप्प बसून राहतात. नामदेवांची पाळी येते आणि नामदेव उसळतात. पाहुण्याला घरी बोलावून ही असली वागणूक देता का, असा त्यांचा सवाल. गोरोबा निवाडा देतात, एवढं एक मडकं कच्चं आहे.

ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो, त्यामुळे तिच्यातली अडचणीची गोष्ट नजरेतून सुटते. नामदेव ढोंगी नव्हते. कथेच्या जगात तर पांडुरंग त्यांच्या हातचा नैवेद्य खातो, त्यांच्याशी बोलतो, त्यांची वाट बघतो. त्या घरात बसलेल्यांपैकी देवाशी इतकी सलगी दुसऱ्या कुणाची नाही. आणि कच्चं मडकं म्हणून निघतं ते नेमकं त्यांचंच. वारकरी परंपरेने ही कथा एखाद्या लबाड बुवाबद्दल रचली असती तर ती सोपी झाली असती. तिने ती आपल्या सर्वांत लाडक्या भक्ताबद्दल सांगितली आणि सातशे वर्षं सांगत राहिली. आध्यात्मिक गर्व हा खोट्या साधकाचा रोग नाही, तो खऱ्या साधकाला होतो, आणि काहीतरी खरोखर हाती लागल्यानंतरच होतो, हे तिला म्हणायचं आहे.

मी हे दुसऱ्याबद्दल लिहीत नाही. काही वर्षांपूर्वी मी एका ध्यानगटात नियमित जात होतो. पहिलं वर्ष नुसती पाठ दुखण्यात गेलं. दुसऱ्या वर्षी मन खरंच निवायला लागलं. पाऊण तास बसलं तर मधली दहा-पंधरा मिनिटं अशी जायची की विचार यायचे, पण त्यांच्यामागे जावंसं वाटायचं नाही. जे मिळत होतं ते खरं होतं, आजही मला तसंच वाटतं. त्या काळात मला पुढच्या ओळीत, भिंतीलगत एक जागा ठरून गेली होती. कुणी दिलेली नव्हती, रोज तिथेच बसून ती माझी झाली होती. पुढची ओळ जुन्या साधकांची, एवढं सगळ्यांनी न बोलता धरलेलं. एक दिवस मी पोचलो तर त्या जागेवर एक नवीन बाई बसल्या होत्या. वयस्कर होत्या, गुडघे दुखत असावेत, पाठ टेकायला भिंत हवी म्हणून तिथे बसल्या होत्या. मी मागे जाऊन बसलो आणि डोळे मिटले. पुढची पंचेचाळीस मिनिटं मी फक्त त्या जागेचा विचार केला. नव्यांना इथली शिस्त कुणीतरी सांगायला हवी, असा विचार. माझ्यासाठी नाही, गटाच्या भल्यासाठी सांगायला हवी, असाही विचार. बाहेर चपला घालताना गटातल्या एका वृद्ध गृहस्थांनी सहज विचारलं, "आज कुठे बसला होतात?" मी म्हणालो, मागे. ते "बरं" म्हणाले आणि निघून गेले. त्यांनी ते खरंच सहज विचारलं होतं की नाही, हे मला अजूनही माहीत नाही. पण त्या प्रश्नाने डोक्यावर थापटणं बसलं. शरीराने मागे बसलो होतो, मनाने पाऊण तास त्या भिंतीलगतच बसून होतो.

जागेबद्दल राग आला, हे त्यात मोठं नव्हतं. राग माणसाला येतो. मला घाबरवलं ते त्या रागाने चढवलेल्या कपड्यांनी. दोन वर्षांपूर्वी तो राग आला असता तर मला तो राग म्हणून ओळखता आला असता. आता तो शिस्तीची काळजी, गटाचं हित, साधनेचं पावित्र्य असं काहीबाही नेसून आला होता. साधनेने माझा अहंकार कमी झाला नव्हता, त्याला चांगली भाषा आली होती.

याची मोजणीही कुणी केली आहे. जर्मनीतल्या मानसशास्त्रज्ञांनी ९३ योगाभ्यासींना १५ आठवडे वेळोवेळी प्रश्नावल्या दिल्या. कधी योगाच्या तासानंतर लगेच, कधी मध्ये योग केलेला नसताना. आपल्या वर्गातल्या सर्वसाधारण माणसाच्या मानाने तुम्ही कसे आहात, अशा धाटणीचे प्रश्न त्यात होते. योग करून उठलेल्या माणसांनी स्वतःला जास्त वरचं ठरवलं. मैत्रीभावाचं ध्यान करणाऱ्यांतही त्यांना तेच दिसलं. २०१८ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. याचा अर्थ योग किंवा ध्यान वाईट असा मी काढत नाही. त्याच माणसांना योग-ध्यानानंतर बरंही वाटत होतं, हेही त्यात नोंदलेलं आहे. त्यातून मला एवढंच दिसतं की साधना आपल्या आपण नम्रता देत नाही. जी गोष्ट माणूस मनापासून करतो आणि जी त्याला जमू लागते, तिच्यावर त्याचा मीपणा जाऊन बसतो. तबल्यावर बसतो, स्वयंपाकावर बसतो, तसाच ध्यानावरही बसतो. फरक इतकाच की तबलजीला आपला गर्व हा गर्वच आहे हे कळू शकतं. ध्यान करणाऱ्याला तो प्रगतीसारखा दिसतो.

मग परंपरा यावर काय करते? कथा पुढे कशी जाते ते बघण्यासारखं आहे. नामदेव रडत पंढरपूरला येतात आणि विठ्ठलाकडे गाऱ्हाणं मांडतात. देव त्यांची बाजू घेत नाही. गोरोबा खरं तेच बोलले, असं म्हणून देव त्यांना विसोबा खेचरांकडे धाडतो. औंढ्या नागनाथाच्या देवळात नामदेव जातात तर एक म्हातारा पिंडीवर पाय टाकून झोपलेला. नामदेव संतापतात. म्हातारा म्हणतो, बाबा, माझ्यात त्राण नाही, तूच माझे पाय उचल आणि जिथे देव नाही तिथे ठेव. नामदेव पाय उचलून बाजूला ठेवतात तर तिथे पिंडी उभी राहते. जिकडे ठेवावे तिकडे पिंडी.

विसोबांनी नामदेवांना "नम्र हो" असं एकदाही सांगितलेलं नाही. त्यांनी गर्वाला हातच लावला नाही. ज्या समजुतीवर तो गर्व उभा होता ती समजूत त्यांनी काढून घेतली. नामदेवांची समजूत अशी की देव पंढरपुरात आहे, आणि पंढरपुरात तो माझ्याशी बोलतो. देव एका ठिकाणी असला तर त्याच्या जवळचे आणि लांबचे असे लोक आपोआप होतात, आणि मग मी सर्वांत जवळचा होतो. देव सगळीकडे भरलेला असेल तर जवळचा-लांबचा हा हिशेबच संपतो. अंतर मोजायला सुरुवात कुठून करणार? नामदेवांचा गर्व हा वागण्यातला दोष नव्हता, समजण्यातली चूक होती, आणि ती चूक दुरुस्त झाली तसा गर्व गळून पडला. वाकून बोला, हात जोडा, मी काय, मी तर पामर, असं म्हणत राहा, हे शिकवून तो गळला नसता. उलट पामरपणातही पहिला नंबर लावायची खटपट सुरू झाली असती.

ज्यांनी हे शिकवलं ते विसोबा कोण? कथेप्रमाणे आळंदीत या चार भावंडांना सर्वांत जास्त छळणारा माणूस तोच. मुक्ताबाईला मांडे भाजायला खापर हवं होतं तर कुंभाराकडून तिला ते मिळू नये याची तजवीज विसोबांनी केली. मग ज्ञानदेवांनी योगाग्नीने आपली पाठ तापवली आणि मुक्ताबाईने तिच्यावर मांडे भाजले. ते बघून विसोबा खचले आणि त्यांचं उष्टं खायला धावले. तेव्हा मुक्ताबाईने "खेचरा, परता सर" असं झिडकारलं, ते नाव पुढे त्यांनी आयुष्यभर मिरवलं. ज्या मुलीने विसोबांना उतरवलं त्याच मुलीने गोरोबांच्या हातात थापटणं दिलं. म्हणजे ज्याचं मडकं एकदा फुटलं होतं त्याच्याकडे कच्चं मडकं पाठवलं गेलं. उपदेश कुणी करावा याबद्दल परंपरेचं मत यात स्पष्ट आहे, आणि ते मला फार मोलाचं वाटतं. कधी घसरलाच नाही असा माणूस तिने नामदेवांसाठी शोधला नाही.

ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणं येतात. गीतेने तिथे पहिला शब्द घातला आहे अमानित्व आणि दुसरा अदंभित्व. गीतेत हे दोन शब्द आहेत फक्त, ज्ञानदेव त्यांच्यावर थांबतात आणि माणूस उभा करतात. ज्ञानी माणसाला संभावितपणाचं ओझं वाटतं, असं ते म्हणतात. लोकांनी मोठं म्हणणं हे त्याला सुख नसतं, डोक्यावरचा भारा असतो. बृहस्पतीएवढं सर्वज्ञपण अंगी आलं तरी तो वेडेपणाच्या आड दडून राहतो, आपला महिमा वाढेल या भीतीने. आणि अदंभित्वासाठी दिलेला दृष्टांत बघा. लोभी माणूस जीव गेला तरी पुरून ठेवलेल्या धनाची जागा सांगत नाही, तसा हा आपलं पुण्य बोलून दाखवत नाही. सद्गुणाला त्यांनी उपमा दिली ती चिक्कूपणाची. साधकाने आपल्या अनुभवांबद्दल कंजूष असावं. मला वाटतं यात साधनेचं एक साधं तंत्र आहे. अनुभव सांगितला की त्याची गोष्ट होते, गोष्टीला ऐकणारे मिळतात, ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांत आपली एक मूर्ती दिसू लागते, आणि पुढच्या वेळी आपण ध्यानाला बसतो ते त्या मूर्तीची राखण करायला.

पण ज्याने हे लिहिलं त्यालाही थापटणं चुकलं नाही. लोकांच्या बोलण्याने दुखावून ज्ञानदेव झोपडीचं दार लावून आत बसले, तेव्हा दाराबाहेर उभी राहून समजूत घातली ती धाकट्या बहिणीने. ताटीच्या अभंगांत ती त्याला कुरवाळत नाही. योगी तो जो जनांचा अपराध सोसतो. जग रागाने आग झालं तर संतांनी पाणी व्हावं. असं सांगून ती म्हणते, ताटी उघडा ज्ञानेश्वरा. बोलणारी वयाने सगळ्यांत लहान आणि बाई. ऐकणारा पुढे सगळ्या संप्रदायाचा माउली. परंपरेने हा प्रसंग झाकला नाही, गायला घेतला. शेकडो वर्षांचा चांगदेव आपल्या सिद्धींच्या बळावर वाघावर बसून येतो तेव्हाही तेच. त्याचं कोरं पत्र बघून, चौदाशे वर्षं जगून हा कोराच राहिला, हा शेरा तिचाच, आणि पुढे तो शिष्य होतो तोही तिचाच. गुरूने शिष्याचा गर्व उतरवणं सगळीकडे सापडतं. इथे तो खालून उतरवला जातो आणि उतरणारा ते मान्य करतो.

संतांच्या मागे राहिलेल्या लोकांना रोज मुक्ताबाई कुठून मिळणार? म्हणून वारकऱ्यांनी ही गोष्ट रिवाजात बसवली. दोन वारकरी भेटले की दोघेही एकमेकांच्या पाया पडतात. एकाने वाकायचं आणि दुसऱ्याने आशीर्वाद द्यायचा, असं नाही. सत्तर वर्षांचा माळकरी वीस वर्षांच्या पोराच्या पायाला हात लावतो, पोरगाही लावतो, आणि दोघं एकमेकांना माउलीच म्हणतात. ज्या नावाने ज्ञानदेवांना हाक मारायची तेच नाव दिंडीत पाणी वाटणाऱ्याला. आणि कीर्तनकारासाठी तुकोबांनी नियमच घालून दिला, जेथे कीर्तन करावें, तेथें अन्न न सेवावें. तिथे कपाळाला बुक्का लावून घेऊ नये, गळ्यात माळ घालून घेऊ नये, बैलाला दाणा-वैरणसुद्धा मागू नये. द्रव्य घेणारा आणि देणारा दोघेही नरकात जातात, इथपर्यंत ते जातात. हा नियम केवळ पैशाबद्दल असता तर बुक्क्याचं काय कारण? बुक्का फुकटच असतो. तुकोबांना ठाऊक होतं की दोन तास चारशे माणसं एकाग्र होऊन आपलं ऐकतात, त्यानंतरच्या दहा मिनिटांत माणसाला सर्वांत जास्त धोका असतो. तेव्हा त्याने काही न घेता, कपाळ कोरं ठेवून, उपाशी निघून जावं. तो नियम नम्र माणसासाठी नव्हता. गर्व येणारच हे धरून चालून केलेला होता.

आजच्या आपल्या आध्यात्मिक व्यवहाराबद्दल माझी तक्रार इथे सुरू होते. तारीख मिळवायला वर्षभर आधी फोन करावा लागतो, मानधनाचा आकडा आधी ठरतो, गावाच्या वेशीवर महाराजांचा माणसाच्या चौपट उंचीचा फ्लेक्स लागतो, आणि कीर्तनात त्याच तुकोबांचा हाच अभंग निरूपणाला येतो. प्रवासखर्च आणि पोटपाणी कुणाला चुकलेलं नाही, टाळकरी-पखवाजींना पैसे मिळालेच पाहिजेत, हे मला मान्य आहे. पण बिदागी वाढल्याने कीर्तनकार गर्विष्ठ होतो, असं मला म्हणायचं नाही. गर्वाची हवा निघून जायला ज्या फटी जाणूनबुजून ठेवल्या होत्या त्या एकेक करून आपण बुजवल्या, हे मला म्हणायचं आहे.

शहरात तर दुसरीच तऱ्हा. तिथे साधनेच्या पातळ्या असतात. बेसिक कोर्स, ॲडव्हान्स कोर्स, मग शिक्षक, मग वरचे शिक्षक. कुठे टक्क्यांत पातळी सांगितली जाते, कुठे उपरण्याचा रंग बदलतो. अभ्यासक्रमाला टप्पे लागतात हे खरं. गणित शिकवतानाही लागतात. पण गणितात पुढच्या वर्गात जायला उदाहरण सोडवून दाखवावं लागतं, आणि ते चुकलं हे खालच्या वर्गातला हुशार पोरगाही दाखवून देऊ शकतो. इथे पातळी मिळते ती बसलेले दिवस, भरलेली फी किंवा वरच्याने दिलेला शेरा यांवर. आणि एकदा मिळाली की खालच्याला ती तपासता येत नाही, कारण त्याची पातळीच नसते. घरात बायको म्हणाली की हल्ली तुम्ही फार तोडून बोलता, तर ती अजून साधनेत नाही. जुना मित्र म्हणाला की तू ऐकून घेणं सोडलंस, तर त्याची कंपनं जड. ज्या ज्या हातात थापटणं असू शकतं तो हात आधीच नालायक ठरवून ठेवलेला. असा साधक कितीही वर्षं बसला तरी त्याच्या मडक्याचा आवाज त्याला कोण ऐकवणार?

आणि याची दुसरी बाजू जास्त वाईट आहे. अशा ठिकाणी अहंकाराची चर्चा पुष्कळ होते, पण एकाच दिशेने. हिशेब विचारला, तर हा तुझा अहंकार बोलतोय. गुरूच्या वागण्याबद्दल शंका काढली, तर तुझी बुद्धी आड येतेय. बाईने नको म्हटलं, तर तिचं समर्पण कमी पडतंय. नम्रतेची शिकवण म्हणून जे चाललेलं असतं ते लोकांची तोंडं बंद करणं असतं. फरक ओळखायला कुंभाराचं कामच बघावं. चाकावरून उतरवलेल्या ओलसर मडक्याला कुंभार बाहेरून थापटतो तेव्हा त्याचा दुसरा हात मडक्याच्या आत असतो, दगडी गोळा धरून. बाहेरचा प्रत्येक ठोका आतल्या त्या आधारावर पडतो, म्हणूनच मडक्याची भिंत फुटत नाही, पातळ आणि घट्ट होत जाते. आतला हात काढून घेऊन नुसतं बडवलं तर एका ठोक्यात मडकं बसतं. नामदेवांना कच्चं ठरवलं, पण हाकलून दिलं नाही. त्यांच्यासाठी माणूस शोधला, वाट सांगितली, आणि पुढे त्यांना आपल्यात घेतलं. ज्या गटात ठोका मिळतो पण आतला हात कुठे आहे ते सापडत नाही, आणि ज्या गटात सर्वांत वरच्या डोक्यावर आजवर कधी ठोका पडलेला कुणी बघितलेला नाही, तिथून माणसाने निघून जावं. तो निघून जाण्याला त्याचा अहंकार म्हणतील, तरी जावं.

वारकरी परंपरा यात निर्दोष आहे असं मी म्हणणार नाही. एकमेकांच्या पाया पडणाऱ्या याच लोकांच्या पंढरपुरात चोखोबांना देवळात पाय ठेवता आला नाही. त्यांना बाहेरून हाका मारत बसावं लागलं. ते गेल्यानंतर सहाशे वर्षांनी, १९४७च्या मे महिन्यात, साने गुरुजींना पंढरपुरात प्राणांतिक उपोषणाला बसावं लागलं, तेव्हा कुठे विठ्ठलाचं दार दलितांसाठी उघडायचं ठरलं. पायांना हात लावण्याचा रिवाज असूनही कुणाचे पाय याचा हिशेब मनात चालूच होता. म्हणजे रिवाजही कच्चा राहू शकतो, आणि त्यालाही बाहेरून कुणीतरी ठोकावं लागतं. वाळवंटात सारखे आणि देवळाच्या उंबऱ्याशी वेगळे, हे बद्द वाजणारं मडकं संप्रदायाने शतकानुशतकं आपल्याजवळ बाळगलं.

तरीही नामदेवांकडे मी पुन्हा पुन्हा येतो, कारण कच्चं ठरल्यानंतरचं त्यांचं आयुष्य आपल्यापाशी आहे. ज्याचा देव पंढरपूर सोडून कुठे नव्हता तो माणूस पुढे पंजाबपर्यंत गेला. घुमान गावी त्यांची आठवण आजही जागती आहे आणि गुरु ग्रंथसाहिबात त्यांची एकसष्ट पदं आहेत. पंढरपूरच्या महाद्वारातली पहिली पायरी त्यांच्या नावाची आहे. येणाऱ्या संतांचे पाय लागावेत म्हणून ती जागा त्यांनी मागून घेतली, असं सांगतात.

आणि त्या पायरीच्या समोर चोखोबा आहेत. मंगळवेढ्याला गावकुसाच्या भिंतीचं काम चालू असताना ती कोसळली आणि वेठीला धरलेले मजूर तिच्याखाली गाडले गेले. त्यांत चोखोबा होते. बऱ्याच दिवसांनी ढिगारा उपसला तेव्हा नुसती हाडं उरली होती, एकात एक मिसळलेली. कुणाची कोणती ते कसं ओळखायचं? कथा सांगते की तेव्हा नामदेव मंगळवेढ्याला गेले. त्या ढिगापाशी बसले, एकेक हाड उचलून कानाला लावत गेले, आणि ज्यातून विठ्ठल विठ्ठल ऐकू आलं तेवढी हाडं आपल्या पदरात गोळा करून पंढरपूरला घेऊन आले.